थर्मामीटरमध्ये घड्याळाचा सेल

सुखदेव ओव्हाळ कुणाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात हमाल म्हणून लागले, परीक्षा देत देत तपासनीस झाले, आणि उरलेली सगळी नोकरी मापं तपासण्यात गेली. हातात गेज घ्यायचं, त्यात तुकडा घालायचा. बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. फोरमन काकुळतीला येऊन म्हणायचा, "अहो ओव्हाळ, केसभराचा तर फरक आहे!" ओव्हाळ मान वर न करता म्हणायचे, "मग केसभर घासून आणा." फोरमन चिडायचा, शिव्या घालायचा, आणि घासून आणायचा. असा माणूस मित्र म्हणून जरा जड जातो, पण त्याने पास केलेल्या मालाबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही.

निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, आणि खडकी बाजारात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. बैठकीत बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात मुलीचा कॉम्प्युटर. मुलगी पायल हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी कंपनीची गाडी तिला घेऊन जायची आणि कधी परत आणायची ते क्लायंटच्या मर्जीवर. ओव्हाळांना तिच्या कामातलं ओ की ठो कळत नसे, पण बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की पहिल्या दोन वाक्यांत हिंजवडी यायचीच.

सगळं असं मार्गाला लागलं होतं, आणि कांताबाईंच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. डोक्यावरचे केस गेले, तोंडाची चव गेली, चिंचेचं सार सोडून काही घशाखाली उतरेना. हे सगळं कांताबाईंनी मुकाट्याने घेतलं. पण डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट दोघांना समोर बसवून सांगितली होती आणि तिने ओव्हाळांची झोप उडवली होती. "केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा साधा जंतूसुद्धा जिवावर बेतू शकतो. रोज ताप बघायचा. शंभर पॉइंट चारच्या वर गेला की फोन करायचा नाही, वाट बघायची नाही, क्रोसिन द्यायची नाही. उठायचं आणि सरळ इथे यायचं. ताप नसेल तर मात्र उगाच आणू नका. इथल्या गर्दीत यांना नवीन काहीतरी चिकटेल."

म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते एका आकड्यावर. आणि आकडा म्हटला की ओव्हाळ. त्यांनी ते काम असं काही अंगावर घेतलं की विचारू नका. सकाळ, दुपार, संध्याकाळ थर्मामीटर. आकडा बघायचा आणि पायलला मेसेज करायचा. तिकडे पायल मीटिंगमध्ये बसल्या बसल्या टेबलाखाली मोबाइल बघायची, '98.2 नॉर्मल' वाचायची आणि मग कुठे तिला समोरचं बोलणं ऐकू यायचं.

थर्मामीटर पायलनेच आणलेलं. तिच्या कंपनीत आरोग्य सप्ताह झाला, त्यात सगळ्यांना फुकट वाटलं होतं. पांढरं, बारीक, पाठीवर कंपनीचं बोधचिन्ह, टोकाला चकचकीत धातूची टोपी. घरातलं जुनं काचेचं तिने काढून टाकलं, कारण फुटलं तर पारा विषारी. बरोबरच होतं तिचं. काचेच्यात रेघ शोधायला ओव्हाळांना खिडकीत उभं राहावं लागायचं, हे तर आकडा लिहूनच देत होतं.

एका सकाळी ते चालूच होईना. बटण दाबलं, काही नाही. सेल संपला होता. शेपटाकडचं झाकण सरकवून ओव्हाळांनी सेल बाहेर काढला. शर्टाच्या बटणाएवढा, जाडसर. खाली अय्युबभाईंच्या घड्याळाच्या दुकानाचं शटर अजून बंद होतं, आणि सकाळचा आकडा तर घ्यायचाच होता. पायलचा मेसेज चुकला तर ती ऑफिसातून फोनवर फोन करणार.

मग त्यांना आपलं मनगटी घड्याळ आठवलं. मोबाइल आल्यापासून ते कपाटातच पडून होतं, पण चालू होतं, सेकंदाचा काटा नीट फिरत होता. घड्याळ चालतंय म्हणजे सेल जिवंत आहे. यात चूक काढायला जागा आहे का? तरी ओव्हाळ ते ओव्हाळ. बुधवार पेठेतून आणलेलं मल्टीमीटर त्यांनी काढलं आणि घड्याळाचा सेल त्यावर लावला. दीड व्होल्ट. बरोब्बर दीड! थर्मामीटरचा जुना सेलही दीड व्होल्टचाच होता, तसं वर कोरलेलंच होतं. घड्याळाचा सेल अंगाने लहान आणि पातळ होता, खोबणीत खुळखुळत होता, म्हणून चॉकलेटच्या चांदीची घडी करून त्यांनी पाठीमागे सारली. झाकण लावलं, बटण दाबलं, आणि पिंक करून थर्मामीटर जागं झालं. ओव्हाळ स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी तो पराक्रम कांताबाईंना दोनदा ऐकवला.

त्या दिवशी आकडे बरे आले. दुसऱ्या दिवशी जरा खाली. सत्त्याण्णव पॉइंट आठ, सत्त्याण्णव पॉइंट चार. ओव्हाळांना त्यात आनंदच वाटला. पडद्यावरचे आकडे फिकट दिसत होते, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. पिंक आवाज बारीक झाला होता, तेव्हा ते मनाशी म्हणाले, आता कानही चालले. सगळा दोष आपल्या म्हातारपणावर घेतला. जन्मभर दुसऱ्याच्या मालात खोट काढणाऱ्या माणसाला आपल्या हातच्या कामात खोट असेल असं वाटलंच नाही.

त्याच्या पुढच्या दुपारी कांताबाई जेवायला उठल्या नाहीत.

भर उन्हाळा. पंखासुद्धा गरम हवा फेकत होता, आणि कांताबाई दुलई गळ्यापर्यंत ओढून पडल्या होत्या. दात एकमेकांवर वाजत होते. ओव्हाळांनी हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, पण ओळख पटायला वेळ लागल्यासारखं बघितलं.

"काय होतंय, कांता?"

"काही नाही. गारठा आहे जरा."

गारठा? पुण्यात, वैशाखात? ओव्हाळांनी थर्मामीटर कांताबाईंच्या जिभेखाली ठेवलं आणि पिंक होईपर्यंत ओठ आवळून उभे राहिले. सत्त्याण्णव पॉइंट सहा.

"ताप नाही," ते म्हणाले. "नाहीये ताप."

पण कपाळावर हात ठेवला, तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं तापलेलं. त्यांनी हात काढला आणि थर्मामीटरकडे बघितलं. पुन्हा हात ठेवला. हात ओरडून सांगतोय ताप आहे, आकडा सांगतोय नाही. आयुष्यभर या माणसाने हाताला कधी विचारलं नव्हतं. 'मला वाटतं' असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "वाटतं ते घरी ठेवा, मापून बोला." आता मापलंय, आणि बायको समोर थडथडतेय!

काय करावं? उचलून न्यावं? आणि ताप नसला तर? मागच्या खेपेला असंच घाबरून नेलं होतं. ताप निघाला नाही, पण तिथल्या बाकावर शेजारी खोकणारा माणूस होता, आणि पुढचा आठवडाभर ओव्हाळ कांताबाईंचा श्वास मोजत बसले होते. आणि न न्यावं, तर? स्वयंपाकघरात जाऊन ते पाणी प्यायले, आणि कशाला आलो ते विसरून ओट्याशी उभेच राहिले. सत्त्याण्णव पॉइंट सहा, सत्त्याण्णव पॉइंट सहा, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आणि तिथे, ओट्याशी, त्यांना कारखान्यातली सोमवारची सकाळ आठवली. मालाला गेज लावायच्या आधी खुद्द गेज तपासायचं. पेटीतला ठरलेल्या मापाचा ठोकळा काढायचा, त्याला गेज लावायचं, आणि गेज खरं बोलतंय अशी खात्री पटली तरच कामाला हात घालायचा. एकही सोमवार त्यांनी चुकवला नव्हता. आणि घरी? सेल बदलल्यापासून एकदा तरी तपासलं होतं का हे?

ठोकळा म्हणून त्यांच्याजवळ एकच वस्तू होती, ती म्हणजे ते स्वतः. धडधाकट माणूस, ताप नाही, काही नाही. अठ्ठ्याण्णवच्या आसपास यायला हवं. पाणी प्यायलं होतं म्हणून जिभेखाली नको, खोटं येईल. त्यांनी थर्मामीटर पुसून काखेत धरलं. काखेत अंशभर कमी येतं हे धरून चालले. आला आकडा चौऱ्याण्णव पॉइंट तीन.

पुन्हा धरलं. ब्याण्णव पॉइंट नऊ. पुन्हा. पंच्याण्णव पॉइंट आठ.

माणूस एक, काख एक, आणि तीन वेळा तीन आकडे! हे आता खोटं बोलतंय तर काल काय बोलत होतं? परवा? काल संध्याकाळी कांता म्हणाली होती अंग मोडून आलंय, आणि आपण म्हणालो होतो, ताप नाही तुला, सत्त्याण्णव आहे. ते पायलला कळवलंसुद्धा होतं. नॉर्मल म्हणून!

ते धावतच जिना उतरले. पायात चपला नव्हत्या हे त्यांना तळपाय भाजल्यावर कळलं.

अय्युबभाई डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात वाकले होते. दोघांची जुनी ओळख. रोज संध्याकाळी एकमेकांची खेचल्याशिवाय दुकान बंद व्हायचं नाही. पण ओव्हाळांचं तोंड बघून त्यांनी भिंग काढून ठेवलं.

"क्या हुआ, ओव्हाळसाहेब?"

"हे खोटं बोलतंय. कांताला ताप आहे. मला वाटतंय ताप आहे. हे नाही म्हणतंय. बघा लवकर!"

अय्युबभाईंनी झाकण सरकवलं. चांदीची घडी बाहेर आली, मागोमाग घड्याळाचा सेल.

"हा यात कुणी घातला?"

"मी. दीड व्होल्ट दाखवत होता, अय्युबभाई! मी मीटर लावून बघितलं!"

"मोकळ्यावर बघितलं ना? त्याला कामाला लावून, भार टाकून बघा." अय्युबभाईंनी काउंटरवरचं आपलं काटेवालं मीटर ओढलं. सेल धरला. काटा दीडजवळ गेला. मग दोन पायांचा एक बारीक रेझिस्टर त्यांनी सेलच्या दोन बाजूंना टेकवला, आणि काटा सरसर खाली उतरला. एकच्याही खाली जाऊन थांबला. रेझिस्टर उचलला तसा पुन्हा हळूहळू वर चढायला लागला.

ओव्हाळ त्या काट्याकडे बघतच राहिले.

"घड्याळ काय खातं? मुंगीएवढं," नवीन सेलची पट्टी शोधता शोधता अय्युबभाई बोलत होते. "म्हणून हा त्याला पुरत होता. आहे आत थोडीशी धुगधुगी. हे थर्मामीटर त्याच्या किती पट मागतं. टोकाला आत मणी आहे, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो. आतली चिप तो मोजते आणि त्याचा आकडा करते. चिपला पुरता व्होल्टेज नाही मिळाला की मोजण्यात गडबड. पण पडद्याला आकडा दाखवायला काही लागत नाही हो, तो दाखवतच राहतो. चांगल्यातलं असतं तर कोपऱ्यात बॅटरीची खूण आली असती नाहीतर बंद पडलं असतं. हे फुकटात वाटलेलं."

"आकडे फिके दिसत होते. मी चष्मा पुसत बसलो."

"आणि ती चांदी, ती नीट टेकत असेल नसेल. एक्केचाळीस नंबर लागतो याला, हा पहा, एल आर एक्केचाळीस. त्याच मापाचा एस आर एक्केचाळीसही चालला असता. तुमचा होता सहाशे सव्वीस. व्होल्ट तोच, पण पोट लहान, वर अर्धा वापरलेला." त्यांनी सेल बसवला. अधिक खूण वर आहे ना ते पाहिलं. झाकण दाबलं. थर्मामीटर असं ठणठणीत वाजलं की ओव्हाळ दचकले. त्यांचे कान चांगले शाबूत होते तर.

"आधी स्वतःला लावा," अय्युबभाई म्हणाले.

सांगायची गरज नव्हती. ओव्हाळांनी तिथेच रस्त्यात उभं राहून काखेत धरलं. सत्त्याण्णव पॉइंट पाच. पुन्हा धरलं. सत्त्याण्णव पॉइंट पाच. आकडे पडद्यावर काळेभोर उमटले होते.

वर जाताना जिना संपता संपेना. त्यांनी कांताबाईंच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवलं. या खेपेला ते मनातल्या मनात आकड्याला विनवण्या करत होते, आणि आकडा कुणाच्या विनवण्या ऐकत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! एकशे तीन पॉइंट एक.

पुढचं सगळं त्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अय्युबभाईंनी दुकान उघडं टाकून रिक्षा अडवली होती. त्यांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, कांताबाईंना दुसऱ्या बाजूने धरून जिना उतरवलं. संगम पुलापाशी सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा ओव्हाळ, ज्यांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही, बाहेर डोकं काढून समोरच्या गाडीवाल्यावर ओरडले होते, "सरक की रे बाबा, माणूस जातंय इथे!" आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच गार पडले होते. कांताबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं, आणि त्याचा चटका सदऱ्यातून जाणवत होता.

हॉस्पिटलात मात्र कुणी वेळ घालवला नाही. रक्त घेतलं, सलाइन लावली, त्यातून अँटिबायोटिक सुरू केलं. तरुण डॉक्टर रिपोर्टचा कागद घेऊन आला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, म्हणाला. "ताप कधीपासून आहे?"

"माहीत नाही," ओव्हाळ म्हणाले.

"रोज बघत नव्हता का?"

"बघत होतो. रोज तीनदा." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सेल, चांदी, दीड व्होल्ट, सगळं. डॉक्टरने ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आणलंत ना आता. औषध लागू पडतंय का ते उद्यापर्यंत कळेल. आत्ता काही सांगता येणार नाही."

काही सांगता येणार नाही! ओव्हाळ खाटेजवळच्या स्टुलावर बसले. पायलचा फोन येऊन गेला. ती हिंजवडीहून निघाली होती आणि वाकडच्या चौकात अडकली होती, फोनवरच रडत होती. "बाबा, तुम्ही तर नॉर्मल लिहिलं होतं." ये तू, एवढंच ते म्हणाले.

खिडकीतलं ऊन कलत आलं तेव्हा कांताबाईंनी डोळे उघडले. या खेपेला ओळखून बघितलं.

ओव्हाळांना धीर धरवेना. "कांता, मशीन चुकत होतं. मीच चुकीचा सेल घातला. तुला कालपासून ताप होता."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ताप होता ते. माझ्या अंगातला ताप मला कळत नाही होय?" आवाज अगदी क्षीण होता, पण शब्द स्पष्ट. "काल सकाळपासून कळत होतं."

ओव्हाळांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मग बोलली का नाहीस? अगं, जीव गेला असता तुझा!"

कांताबाईंचे ओठ कोरडे पडले होते, ते त्यांनी जिभेने ओले केले.

"तुम्ही ते थर्मामीटर काढायचात," त्या म्हणाल्या, "आकडा बघायचात, आणि सत्त्याण्णव म्हणताना तुमचा चेहरा असा मोकळा व्हायचा. गाठ निघाल्यापासून तुमचा तसा चेहरा बघितलाच नव्हता हो मी. दिवसातनं तीनदा तेवढा बघायला मिळायचा. म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. उद्या सांगीन."

ओव्हाळांनी कांताबाईंचा सलाइन नसलेला हात धरला. तो अजून तापलेलाच होता.

तेवढ्यात नर्स आली. तिने थर्मामीटर लावलं, काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. आकडा ओव्हाळांनी तिच्या खांद्यावरून वाचला होता. कांताबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, कागदाकडेही नाही. त्या ओव्हाळांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

ओव्हाळांनी चेहरा सैल सोडायचा प्रयत्न केला. सत्त्याण्णव म्हणावं, असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"एकशे दोन," ते म्हणाले, आणि हसायला गेले, पण त्यांना रडूच आलं.